टक्के सत्तावन्न, पण कुठले?

*"सर, पोरीला बारावीला सत्तावन्न टक्के पडलेत. माहितीपुस्तकात पंचेचाळीस पाहिजेत असं लिहिलंय. मग बसतीय ना ती इंजिनीअरिंगला? आणि फी नक्की किती भरायची?"*

तासगावात माझ्या ओसरीवर जून-जुलैत हे विचारणारे बरेच येतात. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे लोकांना वाटतं की आकड्यांचं सगळं मलाच कळतं. मागच्या पावसाळ्यात तासगावजवळच्या एका गावातले द्राक्षबागायतदार आले होते. सोबत बायको, मुलगी आणि मुलीचा मामा. मामांच्या हातात एका कॉलेजचं गुळगुळीत रंगीत पुस्तक होतं. त्यांचीच गोष्ट सांगतो, कारण तुमचा प्रश्न तिच्यात पुरता मावतो.

मी म्हटलं, पुस्तक राहू दे, आधी गुणपत्रिका काढा. इंग्रजी 62, मराठी 79, भूगोल 70, भौतिक 41, रसायन 48, गणित 42. बेरीज 342, म्हणजे सहाशेपैकी बरोबर 57 टक्के. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशाला हे सत्तावन्न कोणी विचारत नाही. नियम सांगतो की भौतिक, गणित आणि त्यांच्या जोडीचा एक विषय, या तिन्ही विषयांच्या एकत्रित गुणांत खुल्या वर्गाला 45 टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाला 40 टक्के हवेत. तिसरा विषय बहुतेकांचा रसायन असतो. नियमात जीवशास्त्रासारखे आणखीही काही विषय आहेत, पण भूगोल नाही. म्हणजे हिची बेरीज 41, 48 आणि 42 मिळून 131. तीनशेचे पंचेचाळीस टक्के म्हणजे 135.

"म्हंजे चार मार्कांनी गेलं?" मामा म्हणाले.

खुल्या वर्गातून गेलं. पण हे कुटुंब ओबीसी, त्यांना 120 पुरतात. सीईटी या प्रवेश परीक्षेत तिला शून्याच्या वर गुण होतेच, तेही लागतात. मुलगी पात्र होती. आईचा जीव भांड्यात पडला. मी मात्र म्हटलं, आता जातीचे कागद दाखवा.

पुष्कळ घरं अडकतात ती इथेच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून जातीचा दाखला निघाला, पडताळणीचं प्रमाणपत्र निघालं आणि घर सधन गटात मोडत नाही असं सांगणारं नॉन क्रिमिलेअरही निघालं. नॉन क्रिमिलेअरवर शिक्का, सही सगळं जागच्या जागी. फक्त तळाशी, बारीक अक्षरांत, वैधतेची तारीख होती: त्याच वर्षाचा 31 मार्च. म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच मेलेला कागद. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षात घेताय, त्या वर्षाच्या अखेरच्या 31 मार्चपर्यंत चालणारा कागद लागतो. वडील म्हणाले, "उत्पन्नाचा दाखला नवा काढलाय की." पण तो वेगळा कागद. तो शिष्यवृत्तीला लागतो. आरक्षणाला नॉन क्रिमिलेअर लागतं आणि त्यावर प्रांतांची सही असते.

इतरांचं नॉन क्रिमिलेअर चुकलं तर राखीव जागा जाते, पण खुल्या वर्गात नाव राहतं. हिचं चुकलं तर ती खुल्या वर्गात ढकलली जाणार आणि खुल्या वर्गात 131 गुण अपात्र. म्हणजे यादीतून नावच जाणार. हे समजावल्यावर वडील त्याच पावली सेतू केंद्रात गेले. त्या वेळी अर्जाची पावती दाखवून नोंदणी करता येत होती, मूळ कागद मात्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचा होता. पावतीवरचा क्रमांक मुलीनं अर्जात जसाच्या तसा भरला, तो मी दोनदा ताडून पाहिला.

आता फी. रंगीत पुस्तकात एकच मोठा आकडा असतो आणि तो पाहून घरात शांतता पसरते. तो आकडा फोडायचा असतो. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, तिचे दोन भाग: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. वसतिगृह, खानावळ, बस हे यात नाही, ते वेगळं. समजायला सोपं पडावं म्हणून ठोकळ आकडे धरा: शिक्षण शुल्क 80,000 आणि विकास शुल्क 8,000. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. विकास शुल्क त्यात येत नाही. म्हणजे 88,000 बघून घाबरलेल्या या घरानं खरं तर 8,000 आणि अनामत वगैरे किरकोळ रकमा जमवायच्या होत्या. त्यासाठी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज दरवर्षी करावा लागतो, आधारशी जोडलेलं बँक खाते लागतं, एवढंच.

एक अट मात्र मामांना रुचली नाही. त्यांना एका कॉलेजच्या माणसानं सांगितलं होतं, फॉर्म-बिर्म कशाला, डायरेक्ट ॲडमिशन देतो, जागा आत्ताच पक्की. पण ही सवलत सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून मिळालेल्या जागेलाच आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की पूर्ण शुल्क खिशातून. मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो तर चहा पाजत होता."

तारखांचं मी जास्त बोलत नाही, दरवर्षी बदलतात, सीईटी सेलच्या संकेतस्थळावर रोज बघायच्या. एकच सांगतो. कॉलेजांचा पसंतीक्रम भरून "सेव्ह" केलं म्हणजे झालं असं पोरांना वाटतं. "कन्फर्म" केल्याशिवाय तो अर्ज फेरीत धरत नाहीत. आणि पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर पुढच्या फेरीत जाता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीत मैत्रिणीनं भरलं ते नव्हे, खरोखर जायचं आहे ते कॉलेज. जागा मिळाली की हजार रुपये भरून ती स्वीकारायची आणि मग ठरल्या मुदतीत कॉलेजात हजर व्हायचं. प्रवेश मागाहून रद्द करायचा झाला तर शेवटची तारीख असते. त्याआधी रद्द केलात तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. ती तारीख टळली की जवळपास अनामतीवरच समाधान मानायचं.

नॉन क्रिमिलेअर मुदतीच्या दोन दिवस आधी आलं. वडिलांनी फोन केला, तेव्हा मागे बाजार समितीत बेदाण्याच्या सौद्याचा आवाज येत होता. "आठ हजार आज देऊ का पोरीकडं?" मी म्हटलं, थांबा, आधी हजेरीची तारीख वाचून दाखवा. त्यांनी वाचली. मग म्हणाले, "परवा हाय की. आज सौदा होतोय, उद्या देतो."