पुढाऱ्याच्या वाचनाचा माग : बीड जिल्ह्यातले तीन दिवस आणि एक फसली साल

आधीच सांगतो, घरच्यांवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला आणि दोन दिवस पाण्यात गेले.

मराठवाडा मुक्तिसंग्रामातला आमच्या भागातला एक पुढारी, तो खरंच काय वाचायचा ते शोधत होतो. नाव लिहीत नाही, नातवंडं आधीच नाराज आहेत. घरी गेल्या गेल्या काचेच्या कपाटातून ‘गीतारहस्य’ काढून दाखवलं. ‘हेच त्यांचं आवडतं पुस्तक.’ पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’, सही, तारीख सगळं होतं. पण पुस्तक उघडलं तर मधल्या कितीतरी पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या! पूर्वी पुस्तकं अशी यायची, चाकूने पानं फाडून वाचावी लागायची. ज्याची पानं फाडलीच नाहीत ते पुस्तक वाचलं कुठून? भेटीची ओळ देणाऱ्याविषयी सांगते, घेणाऱ्याविषयी नाही.

मग वाचनालय. जुनी देवघेव वही माळ्यावर, शिडी डुगडुगती, वर कबुतरं. मोबाइलने फोटो काढायचे पानाला वीस रुपये, पावती नाही. मी दहा पानांचे दिले आणि अजून चरफडतोय. तुम्ही पेन्सिल-कागद घेऊन जा आणि हाताने उतरवा. तसंही उतरवताना अक्षर नीट पाहिलं जातं. मास्क न्या, हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

वहीत आमच्या माणसाच्या नावावर निझामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सालाप्रमाणे अमरदाद 1357 मध्ये सलग सात नोंदी सापडल्या, बहुतेक रहस्यकथा. मी हरखलो. 1357 मध्ये 590 मिळवले, आले 1947. अमरदाद म्हणजे साधारण जून. म्हणजे ऑगस्टमधल्या अटकेच्या आधी साहेब रहस्यकथा वाचत होते! रात्री लॉजवर अर्धा लेख लिहूनही झाला.

सकाळी फाडला. निझामाचं फसली साल ऑक्टोबरात आझर महिन्याने सुरू होतं. त्यामुळे 590 मिळवायचे ते फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी. जानेवारीपासून पुढच्या आबान संपेपर्यंत 591. पोलीस ॲक्शनचा सप्टेंबर 1948 आबान 1357 मध्येच येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी हिशेब चुकत नाही. तर अमरदाद 1357 म्हणजे जून 1948, आणि तेव्हा साहेब तुरुंगात होते. परत शिडी चढलो. सह्या पाहिल्या तर सातही दुसऱ्याच कुणा एकाच्या हाताच्या, ‘र’ची शेपटी लांब. घरच्या एका वहीत तीच शेपटी सापडली, पुतण्याची. काकाच्या नावावर पोराने रहस्यकथा वाचल्या. सभासदाचं नाव आणि वाचणारा माणूस एकच असेल असं गृहीत धरू नका. सहीचा रकाना आधी बघा, पुस्तकाचा नंतर.

(अजून एक. जुन्या शिक्क्यावर ‘मोमिनाबाद’ दिसलं तर दुसरं गाव शोधत बसू नका, ते अंबाजोगाईच.)

खरी गोष्ट पत्रांत निघाली. तुरुंगातून भावाला लिहिलेली अकरा पत्रं, चहाच्या डब्यात. पत्रं तपासून सोडली जात, म्हणून राजकारणाचा शब्द नाही. घरच्यांना त्यात काही वाटलं नव्हतं, ‘नुसती बागेची पत्रं’ म्हणाले. पण एकात लिहिलंय : मोसंबीला डिंक्या दिसतो का बघ, कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नकोस, पुस्तकात हेच सांगितलंय आणि आपण तेच केलं नाही.

कुठलं पुस्तक? कपाटात नव्हतं. कोठीत, बी-बियाणांच्या फडताळात सापडलं. फळबागेवरचं, पाठीचा पुठ्ठा गेलेला, मुखपृष्ठ नाही. जोडाच्या प्रकरणात त्या वाक्याखाली पेन्सिलीच्या दोन रेघा आणि समासात ‘माझी चूक’. अक्षर पत्रांतल्याशी ताडून पाहिलं : ‘झ’ तसाच आणि ‘क’ची गाठही तशीच. त्याच पानावर मातीच्या बोटाचा डाग. एवढ्यावर मी लिहायला तयार आहे : साहेबांचा छंद मोसंबीची बाग, आणि हे पुस्तक त्यांनी वाचलं, चूक झाल्यावर परत वाचलं. ‘आवडतं’ मात्र मी अजूनही म्हणणार नाही, कारण तसं त्यांनी कुठं लिहिलेलं नाही.

एकट्या रेघेवर भरवसा ठेवू नका. वाचनालयाच्या पुस्तकात पन्नास जणांच्या रेघा असतात. रेघ, अक्षर आणि पत्रातला तोच मजकूर जुळला तरच पुढं जा.

बाकी वेळ छान गेला, त्यात सांगण्यासारखं नाही. परतीला शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. मी राहिलो आणि स्टँडवर बाकड्यावर झोपलो, पत्रांच्या नकला उशाशी घेऊन.