झोपेनंतरचे पंधरा प्रश्न

"ताई, मीही नाइटच करते. अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेचा अभ्यास सकाळी घरी आल्यावर करायचा की ड्यूटीला निघण्याआधी? आणि रोज किती?"

ड्यूटीला निघण्याआधी, झोप पूर्ण झाल्यावर. नाइट असेल त्या दिवशी पंधरा प्रश्न पुरेत.

मी सुरुवात उलटी केली होती. परळला रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी, हँडओव्हर देऊन डोंबिवलीला घरी पोहोचेपर्यंत दहा वाजायचे. झोपले की दिवस गेला असं वाटायचं, म्हणून चहा घेऊन तशीच पुस्तक उघडायचे. दोन आठवडे रोज पंचवीस प्रश्न सोडवले आणि त्यातले दहा-अकरा बरोबर यायचे. मग एका आठवड्यात साडेदहाला झोपले, चारला उठले आणि साडेचार ते सहा बसले. त्याच विषयांचे तेवढेच प्रश्न, पण बरोबर सोळा-सतरा. वाचन काही वाढलं नव्हतं. सकाळी मी प्रश्न दोनदा वाचून पर्याय निवडत होते, आणि नंतर स्पष्टीकरण वाचताना "अरे, हे तर मला येत होतं" असं म्हणत होते. तुमचंही असं वारंवार होत असेल, तर तो अभ्यासाचा नाही, झोपेचा दोष समजा.

पंधराचा आकडाही असाच ठरला. दीड तासातली पंचवीस मिनिटं प्रश्नांना आणि उरलेला वेळ स्पष्टीकरणांना. बरोबर आलेल्या प्रश्नाचंही स्पष्टीकरण वाचायचं, कारण अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर पुढच्या वेळी चुकतं. पंचवीस प्रश्न घेतले की स्पष्टीकरणं राहून जायची आणि सहा-वीसची लोकल गाठायची घाई व्हायची.

खरी मदत झाली ती चुकांच्या वहीची. प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर लिहायचे: माहितीच नव्हती तर "मा", प्रश्न नीट वाचला नाही तर "वा", आणि आपल्या वॉर्डात जे करतो तेच उत्तर दिलं तर "स", म्हणजे सवय. सहाव्या आठवड्यात मोजलं. साठ चुकांपैकी सत्तावीस "स" निघाल्या. तोवर मी औषधांची पानं पाठ करत होते, आणि चुकत होते भलतीकडेच.

एक प्रश्न दाखवते. हँडओव्हरनंतर चार पेशंट आहेत, आधी कोणाला बघाल? अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखणं दहापैकी सहा. सीओपीडीचे आजोबा, सॅच्युरेशन नव्वद. मधुमेहाच्या बाई, नाश्त्याआधीची साखर 210. आणि खुब्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झालेल्या बाई, ज्यांना अचानक दम लागला आहे आणि चुळबुळ सुरू आहे.

मी सीओपीडीचे आजोबा निवडले. आमच्याकडे चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की मॉनिटर ओरडतो आणि सगळ्या त्याच बेडकडे धावतात. पण अशा बऱ्याच पेशंटमध्ये 88 ते 92 हेच लक्ष्य धरतात, म्हणजे आजोबांचा नव्वद त्यांच्या आजारात अपेक्षित आहे. दुखणं आणि साखर यांच्याकडे बघायचंच, पण ती थोडी थांबू शकतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर अचानक दम आणि बेचैनी म्हणजे पायातली गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका. परीक्षा विचारते ते एवढंच: कोणाच्या बाबतीत काहीतरी नवं आणि अनपेक्षित घडतंय? आकडा किती वाईट दिसतो हे त्यानंतर.

आता त्याच बाईंबद्दल पुढचा प्रश्न: सर्वांत आधी काय कराल? आमच्या हाताला सवय आरएमओंना फोन लावायची. परीक्षेला हवं असतं की उशाकडची बाजू उचलून त्यांना बसतं करा, ऑक्सिजन लावा, मग कळवा. नर्सला त्या क्षणी स्वतः करता येण्यासारखं काही पर्यायांत असेल, तर फोन दुसरा. मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका. प्रश्नातच तपासणी झालेली आहे, करण्यासारखं ते केलेलं आहे आणि पेशंट तरी बिघडतोय असं दिलं असेल, तर फोन हेच उत्तर असतं.

तिसरी सवय काम सोपवण्याची. आपल्याकडे भरवायला नातेवाईक असतात, नाहीतर मावशी. एनक्लेक्समध्ये स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होणाऱ्या पेशंटला पहिल्यांदा भरवणं मदतनिसाकडे देता येत नाही, कारण ठसका लागतोय का हे जोखणं नर्सचं काम आहे. स्थिर पेशंटचा बीपी घेणं, अंघोळ, चालवून आणणं मदतनिसाकडे जातं. तपासून निष्कर्ष काढणं आणि पेशंटला शिकवणं आपल्याकडेच राहतं. हे कळल्यावर मी पुढचे सहा आठवडे पंधरापैकी आठ प्रश्न फक्त अग्रक्रम आणि काम सोपवणं यांचे घेतले.

औषधांचं थोडक्यात: नावं अमेरिकी वळणाची येतात. आपलं पॅरासिटामोल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. अशा जोड्यांचा एक कागद लोकलमध्ये पुरतो. सकाळी परतीच्या गाडीत मात्र मी काहीच वाचत नसे.

ड्यूटीवर पुस्तक नेऊ नका. पहाटे तीन-चारला डोकं सगळ्यात मंद असतं, आणि तेव्हा पेशंट आपल्या भरवशावर झोपलेला असतो. त्याऐवजी एक करता येतं. एप्रिल 2023 पासून परीक्षेत एकाच पेशंटवर सहा प्रश्नांचे संच येतात: कोणत्या खुणा महत्त्वाच्या, त्यांचा अर्थ काय, आधी कशाची काळजी, काय करता येईल, काय कराल, आणि उपयोग झाला हे कशावरून कळेल. रात्री ज्या पेशंटने आपल्याला थांबवून विचार करायला लावला, त्याच्याबद्दल हे सहा प्रश्न मनातल्या मनात सोडवायचे. नाव, बेड नंबर काही लिहायचं नाही.

सहा नाइटनंतर मला दोन ऑफ असायचे. पहिला ऑफ झोपेचा आणि घरचा. दुसऱ्या ऑफला एका बैठकीत 85 प्रश्न, तेही सकाळी. एनक्लेक्समध्ये किमान 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास, आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. माझ्या चुका साठाव्या प्रश्नानंतर वाढायच्या, म्हणून तिथे पाच मिनिटं उठायची सवय लावली आणि परीक्षेतही तसंच उठले.

आणि एक गोष्ट तारीख घेण्याआधी ठरवा. सकाळी आठची वेळ दिवसपाळीवालीची ताजी सकाळ असते, आपल्या शरीराची ती रात्र संपलेली वेळ. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला तासभरच सरकतं, म्हणजे शेवटच्या नाइटनंतर दोन दिवसांत ते फिरत नाही. मी रोस्टर लागायच्या आधीच इन्चार्ज सिस्टरांना भेटले आणि शेवटचे दहा दिवस मागितले, चार डे ड्यूटी आणि सहा रजा. त्यांनी होकार दिल्यावरच एटीटीच्या, म्हणजे परीक्षेला बसायच्या परवानगीपत्राच्या, मुदतीतली तारीख निवडली. दुपारची वेळ मिळत असेल तर ती घ्या. त्या दहा दिवसांत नवे प्रश्न रोज पंधराच, पण आता सकाळी आठला, आणि संध्याकाळी फक्त वहीतली "स" लिहिलेली पानं.