नाना फडणवीस वगळले

दापोली, शुक्रवार

वेळासच्या कासवांवर मार्चमध्ये एक्सवर टाकलेला लांबलचक थ्रेड आज एका सलग पोस्टमध्ये बसवायला घेतला. आधी सगळे तुकडे एकाखाली एक चिकटवून पाहिले, पण वाचवेना. एखादाच तुकडा कुणी पुढे पाठवेल म्हणून मी दर दोन तुकड्यांआड 'वेळास, मंडणगड तालुका, ऑलिव्ह रिडले' असं घालत गेले होते. त्यात 280 ची मर्यादा. तिथे काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'क्षि' या एका अक्षराचे चार होतात. त्यामुळे वाक्यं जागा संपली तिथे संपलेली, आणि जागा वाचवताना पहिली कात्री 'म्हणून' आणि 'कारण' यांवर लागलेली. थ्रेडमध्ये ते खपून जातं, दोन तुकड्यांमधली फट वाचणारा आपल्या मनाने भरतो. सलग परिच्छेदात ती फट उघडी पडते.

मग वहीत प्रत्येक तुकड्यासमोर त्यात नवीन काय आहे ते थोडक्यात लिहिलं. बऱ्याच ओळी कोऱ्याच राहिल्या. उरलेल्यांतलं काय ठेवायचं, हे पोस्ट नक्की काय सांगते ते ठरल्याशिवाय कळेना. 'वेळासची कासवं' हा नुसता विषय झाला. बऱ्याच खाडाखोडीनंतर वाक्य सापडलं: मादीने किनाऱ्यावर घातलेली अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत का नेतात, आणि नेताना काय सांभाळतात.

या वाक्याने पहिला बळी घेतला तो नाना फडणवीसांचा. वेळासशी त्यांचं नाव जोडलेलं आहे हे सांगणाऱ्या तुकड्याला सर्वांत जास्त लाइक्स होते. पण तो काढला तर पुढचं काहीच अडत नाही. 'हजारातलं एखादंच पिल्लू जगतं' हेही गेलं. तो ढोबळ अंदाज आहे, आणि गोष्ट समुद्रातली आहे, हॅचरीतली नाही.

उलट गहिरमाथ्याचा तुकडा जाईल असं वाटत होतं, तो राहिला. ओडिशात हजारो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे एखादी आज इथे, दुसरी काही दिवसांनी तिकडे लांब. थ्रेडमध्ये हे शोभेला होतं. पण प्रतिसादांत एका बाईंनी विचारलं होतं, 'मग घरट्याभोवतीच कुंपण का घालत नाही?' सगळ्या थ्रेडमधला सर्वांत चांगला प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर मी तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी दिलेलं. आता ते एकत्र आलं: घरटी विखुरलेली, कोल्ही-कुत्री रात्री उकरतात, पूर्वी माणसंही अंडी न्यायची, आणि भरतीरेषेजवळची घरटी पाण्याखाली जातात. प्रत्येक ठिकाणी रात्रभर राखण करणार कोण? मात्र जिथे अंडी जागेवरच राखता येतात तिथे ती हलवू नयेत, हॅचरी हा शेवटचा उपाय, हेही याच परिच्छेदात हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, अंडी दिसली की उचलावीत.

सर्वांत जास्त वेळ तापमानाने खाल्ला. वाळू सुमारे 29 अंशांच्या वर तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. थ्रेडमध्ये हे नुसतं 'माहीत आहे का?' छापाचं होतं. काढून टाकलं तर चुटपुट लागे, ठेवलं तर लोंबकळे. मग खड्ड्याचा तुकडा पुन्हा वाचला. हॅचरीतला खड्डा मादीने खणला तेवढाच, साधारण दीड फूट खोल घेतात. का, ते मी लिहिलंच नव्हतं. उथळ खड्ड्यात ऊन जास्त पोचतं, वाळू जास्त तापते, आणि त्याचा परिणाम पिल्लं नर होतात की माद्या यावरही होतो. मध्ये 'कारण' घातलं आणि दोन्ही तुकड्यांचं एक वाक्य झालं.

तशीच गत अंडी न फिरवण्याची. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ वरच्या बाजूला आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो मरतो. म्हणून पहाटेच किनारा पालथा घालायचा आणि अंडं ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं. थ्रेडमध्ये पहाटेची गस्त वर होती आणि गर्भ पार खाली, मध्ये खानावळ, होमस्टे आणि फोटो.

हे सगळं ज्यांच्याकडून कळलं त्या काकांना संध्याकाळी फोन लावला. त्यांचं बोलणं आणि फोटो थ्रेडमध्ये वापरायला ते हो म्हणाले होते, पण पोस्ट वेगळी, म्हणून पुन्हा विचारलं.
"फोटो घाल गो, माझं नाव नको. पण टोपलीचं ठेवलंस ना?"

टोपलीचं काढलंय. पिल्लं बाहेर यायचे दिवस जवळ आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. ते छानच आहे, पण अंडी हलवण्याशी त्याचा संबंध नाही. काकांना "बघते" म्हटलं. टोपलीची वेगळी पोस्ट करावी लागणार, आणि त्यासाठी त्यांच्याकडेच पुन्हा फोटो मागावा लागणार.