आंतरछेद आला कुठून?

आज पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा साध्या लंबकाचा अहवाल तपासायला घेतला आणि सगळा वेळ कार्यपद्धतीच्या परिच्छेदातच गेला. धाग्याची लांबी ३० पासून १०० सेंमीपर्यंत वाढवत नेली, गोळा प्रत्येक वेळी १० सेंमी बाजूला ओढून सोडला, २० दोलनांचा वेळ मोजला आणि आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला, असे त्यात लिहिले होते. चढावरून काढलेले गुरुत्वीय त्वरण अपेक्षेच्या जवळ होते. मात्र रेषा आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला ०.०७ सेकंदवर्गापाशी छेदत होती आणि त्याचे कारण ‘मानवी चूक’ एवढेच दिले होते.

हा परिच्छेद हाती घेऊन मी स्वतः प्रयोग मांडायला निघाले तर पट्टी कुठे टेकवायची, हेच मला कळणार नाही. लंबकाची लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत असते. धागा आकडीपाशी संपतो. गोळ्याचा व्यास अहवालात कुठेच नाही. केवळ या फरकामुळे ०.०७ चा आंतरछेद येण्यासाठी लांबी दर वेळी सुमारे १.७ सेंमीने कमी मोजली गेली असली पाहिजे, आणि एखाद्या गोळ्याच्या बाबतीत हे सहज शक्य आहे.

तेवढ्यावर थांबणार होते, पण ‘प्रत्येक वेळी १० सेंमी’ हे शब्द मनातून जाईनात. १०० सेंमी लांबीला एवढे ओढल्यास कोन सहा अंशांहून कमी राहतो. ३० सेंमीला तो जवळजवळ वीस अंश होतो आणि आवर्तकाल सुमारे ०.७ टक्क्याने वाढतो. म्हणजे लांबीबरोबर आयामही बदलत होता. त्यामुळे आलेखाचे खालचे टोक किंचित उचलले जाते, चढ कमी भरतो, त्वरण सुमारे अर्धा टक्का जास्त येते आणि ०.०२ च्या आसपासचा आंतरछेद तयार होतो. दोन्ही कारणे आलेखात एकच खूण ठेवतात, आणि या नोंदींवरून त्यांतील कोणाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. ओढण्याचे अंतर प्रामाणिकपणे नोंदवले होते म्हणूनच ही शंका तरी घेता आली, याचे मला मनापासून समाधान वाटले.

समासात मी तिला एक नियंत्रण-निरीक्षण सुचवले: लांबी ३० सेंमीवर कायम ठेवावी, गोळा तोच असावा आणि केवळ आयाम पाच व वीस अंश असा बदलून वेळ मोजावा. २० दोलनांत हा फरक ०.१५ सेकंदाच्या आसपास, म्हणजे स्टॉपवॉच दाबण्यातील चुकीएवढाच असतो, त्यामुळे तो त्यात बुडून जाईल. ५० दोलने घेतल्यास तो जवळपास ०.४ सेकंद होतो. मात्र तेवढ्या वेळात आयाम घटत जातो, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन लिहावेत. गोळ्याचा व्यास व्हर्नियरने मोजून कार्यपद्धतीतच द्यावा. ‘मानवी चूक’ या शब्दांवर काट न मारता मी त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि अहवाल पुन्हा सादर करण्यासाठी परत पाठवला.