पाणी नक्की कुठलं उडवायचं?

परवा मंगळवारची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी महापे एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसी लॅबला आहे, बारा वर्षं झाली. सकाळी घणसोलीला उतरून रिक्षा मिळेपर्यंत अर्धी भिजलेले होते, लॅबमध्ये पाय ठेवला तर आमचे साहेब हातात कागद घेऊन उभे. सायट्रिक ॲसिडचा लॉट फेल. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर शुद्धता ९९.७ टक्के, आमच्याकडे आले ९४.०. ट्रक गेटवर, ड्रायव्हर वैतागलेला, परचेसवाले दर दहा मिनिटांनी फोन करतायत.

साहेबांचं मत तयारच होतं. "अहो मॅडम, सरळ आहे, ॲनहायड्रसच्या नावाखाली मोनोहायड्रेट टेकवलंय यांनी, रिजेक्ट करा." साहेब हुशार आहेत पण घाईचे. मी तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर बघितलं. सायट्रिक ॲसिड ॲनहायड्रसचं, म्हणजे बिनपाण्याचं, मोलर मास १९२.१२, मोनोहायड्रेटचं, म्हणजे दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू बांधलेल्याचं, २१०.१४. पूर्ण मोनोहायड्रेट असतं तर ९१.४ टक्के आलं असतं. ९४ कुठेच बसत नव्हतं. आणि एवढा मोठा सप्लायर अर्धं हे अर्धं ते मिसळून कशाला पाठवेल? मला तेव्हाच वाटलं की गडबड गोणीत नाही, आपल्या ब्युरेटमध्ये आहे.

ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल कॉस्टिक होतं, म्हणजे ॲसिड मोजायचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, सोमवारी नवीन बनवलेलं. आमच्या नव्या ट्रेनीने ऑक्झॅलिक ॲसिड या प्रायमरी स्टँडर्डवर स्टँडर्डाइज केलं होतं, म्हणजे वजन करून घेतलेल्या शुद्ध ॲसिडशी ताडून त्याची नेमकी ताकद काढली होती, नॉर्मॅलिटी लिहिलेली ०.०९४०. ०.१ च्या अंदाजाने बनवलेलं कॉस्टिक ०.०९८ किंवा ०.१०२ येतं, ते चालतं, पण ०.०९४ म्हणजे एकतर वजनात चूक नाहीतर पुढे काहीतरी. तिची वही उघडली. सांगते, वही इतकी स्वच्छ की चूक शोधायला गेलेल्या माणसालाच वाईट वाटावं.

हिशेब तिचा शंभर टक्के बरोबर होता. बाटलीतलं ऑक्झॅलिक हे H2C2O4·2H2O, म्हणजे दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकातच बांधलेले. वजन करताना ते पाणीही काट्यावर येतं, म्हणून ९०.०३ नाही तर १२६.०७ धरायचं. २५० मिलीला ०.१ नॉर्मल हवं, ऑक्झॅलिक दोन प्रोटॉन देतं म्हणून ते ०.०५ मोलर, म्हणजे ०.०१२५ मोल, गुणिले १२६.०७, आलं १.५७५९ ग्रॅम. बरीच मुलं इथेच घसरतात, ९०.०३ धरून १.१२५४ घेतात आणि ०.०७१ नॉर्मलचं द्रावण ०.१ म्हणून वापरतात. पण ती चूक एवढी मोठी असते की पहिल्याच टायट्रेशनला बोंब होते. हिने काटेकोर १.५७६० घेतलं होतं, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं होतं, फ्लास्क मार्कपर्यंत भरलेला. २५ मिलीला कॉस्टिक गेलं २६.६ मिली, तीनदा तेच.

मी तिला विचारलं, "अगं, वजन करायच्या आधी काय केलंस ते सांग, वहीत नसलेलंसुद्धा." ती म्हणाली, "मॅडम, पावसाने बाटलीतले खडे ओलसर वाटत होते, आणि एसओपीत लिहिलंय प्रायमरी स्टँडर्ड ड्राय करून घ्यावं. पण ११० ला ठेवलं तर आतलं पाणी जाईल म्हणून मी फक्त ६० ला अर्धा तास ठेवलं, वरचा ओलावा जाण्यापुरतं."

वेइंग बॉटलमध्ये उरलेलं अजून डेसिकेटरमध्ये होतं. बाहेर काढलं आणि शेजारी मूळ बाटलीतले दोन खडे काळ्या कागदावर ठेवले. बाटलीतले खडे खडीसाखरेसारखे, उजेडात चमकणारे. ओव्हनमधले तेच खडे पण कडा पांढऱ्या, बोट लावलं तर पिठीसाखरेसारखी भुकटी बोटाला. मोरचूद असतं तर निळा रंग फिका पडून त्यानेच ओरडून सांगितलं असतं. ऑक्झॅलिक आधीही पांढरं, नंतरही पांढरं, फक्त चमक जाते, आणि ती बघायला आधी कुणीतरी दाखवलेली असावी लागते.

मग केएचपी काढलं. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटमध्ये स्फटिकजल नसतंच, म्हणून ते खुशाल ११० ला वाळवता येतं. त्याच कॉस्टिकची नॉर्मॅलिटी त्यावर आली ०.०९९६. म्हणजे तिचं ऑक्झॅलिक समजत होतो त्यापेक्षा जवळपास सहा टक्के तिखट होतं. उलटा हिशेब केला: १२६.०७ ला १.०६ ने भागलं की ११९ च्या आसपास येतं, म्हणजे दोन पाण्यांऐवजी सरासरी १.६ राहिली होती. असं ऑक्झॅलिक बाजारात मिळत नाही, ते अर्धा तास ओव्हनमध्ये तयार झालेलं, थोडे खडे पूर्ण, थोडे कोरडे. त्याला कुठलंच मोलर मास लावता येत नाही, हीच खरी अडचण. पूर्ण वाळलं असतं तर निदान ९०.०३ तरी धरता आलं असतं (तसंही नको, कारण ॲनहायड्रस ऑक्झॅलिक हवेतून पाणी परत ओढतं आणि जास्त तापवलं तर उडून जातं).

सायट्रिक नव्या नॉर्मॅलिटीने मोजलं, ९९.६. ट्रक आत आला. साहेब म्हणाले, चला, सुटलो. मी सुटले नाही. कारण सोमवारी त्याच कॉस्टिकवर एका तयार मालाची ॲसिडिटी केली होती, लिमिट ०.५० पर्यंत, रिपोर्ट ०.४८, पास. सहा टक्के वाढवा, ०.५१. त्या मालाचं राखून ठेवलेलं रिटेन सँपल काढून परत केलं, ०.५१च. माल डिस्पॅचमध्ये पॅलेटवर उभा होता, गाडी लागायची होती म्हणून थांबवता आला. सायट्रिक फेल झालं म्हणून आम्ही शोधायला लागलो. फक्त ॲसिडिटीच असती त्या दिवशी, तर सगळे आकडे पासच दिसत होते आणि पास झालेला आकडा आमच्याकडे कुणी उघडून बघत नाही. साहेबही नाही, मीही नाही.

आता चूक कुणाची. साहेबांनी ट्रेनीला मेमो द्यायला सांगितलं, मी दिला नाही. एसओपीत एकच ओळ आहे, "प्रायमरी स्टँडर्ड वापरण्यापूर्वी वाळवावे." ती मुळात केएचपी आणि सोडियम कार्बोनेटसाठी लिहिलेली, नंतर ऑक्झॅलिकचं पान जोडताना तशीच वरून खाली उतरली. रिव्ह्यूची सही माझी आहे, दोन वर्षांत दोनदा. त्या मुलीने तर ११० ला आतलं पाणी जाईल एवढा विचार केला होता, जो एसओपीने केला नव्हता. तिला फक्त हे माहीत नव्हतं की वरचा ओलावा आणि आतलं पाणी यांच्यात ओव्हन फरक करत नाही. खडे ओलसर वाटले तर फिल्टर पेपरमध्ये दाबून घ्यायचे, एवढंच, आणि सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येसुद्धा उघडे ठेवायचे नाहीत.

संध्याकाळी ती पान दुरुस्त करत बसली होती, मी बॅग भरत होते. तिने विचारलं, "मॅडम, पण बाटलीतल्याचं पाणी आधीच थोडं गेलेलं असेल तर? लेबलवर तर दोनच लिहिणार ते." मी बॅग खाली ठेवली. त्या बाटलीतले न वाळवलेले खडे घेतले, १.५८१२ ग्रॅम, म्हणजे ०.१००३ नॉर्मल, आणि केएचपीवाल्या कॉस्टिकने टायट्रेट केले. २५ मिलीला २५.२० गेलं, म्हणजे ०.१००४. बाटली ठीक होती. तारीख आणि आकडा लेबलवर तिनेच लिहिला, आणि ८:१० ची ठाणे लोकल आम्ही दोघींनी सोडली.