सतरा दिवस अलीकडे

मराठवाड्यात लग्नाची तारीख पंचांगात बघून धरतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आधी रान बघतात. ज्वारी कधी निघेल, रास कधी होईल, साखर कारखान्याचा हंगाम आटपून पट्टा कधी पडेल, हे बोटांवर मोजून झाल्यावर मग ब्राह्मणाला विचारतात, "ह्याच्या पुढं कुठला मुहूर्त हाय?" केज तालुक्यातल्या एका घरानंही असंच केलं होतं. सोळा मार्च. तोवर रास घरात, कडब्याची गंज लागलेली, घराला लागून असलेलं दोन एकर ज्वारीचं रान मोकळं, आणि त्याच रानात मांडव. यादी झाली, पत्रिका छापल्या, निम्म्या वाटूनही झाल्या.

पाच फेब्रुवारीला नवऱ्याकडून फोन आला. नवरदेव फौजेत. त्याची रजा अलीकडं सरकली होती आणि दहा मार्चला त्याला परत हजर व्हायचं होतं. नवरीच्या बापानं फोन ठेवला आणि कुणाशी न बोलता थेट रानात गेला. लोकांना वाटलं रागावला. तो ज्वारीचा दाणा बघायला गेला होता.

दाणा बघायची रीत साधी आहे. कणसाच्या खालच्या अंगाचे चार दाणे काढायचे, कारण कणीस शेंड्याकडून पिकत खाली येतं. दाणा जिथं बोंडाला चिकटलेला असतो तिथं काळा ठिपका आला असेल, तर झाडाकडून दाण्याला जे मिळायचं ते मिळून झालं. मग दाताखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर काढायला हरकत नाही, चपटा होऊन पिठाळ लागला तर थांबायचं. ठिपका यायच्या आत काढलेली ज्वारी वाळल्यावर सुरकुतते, वजनात मार खाते आणि तिची भाकरी थापताना चिरते. घराजवळच्या दोन एकरांतली ज्वारी माळाच्या हलक्या रानातली. तिथं ओल लवकर तुटते, म्हणून ती पिकत आली होती. मांजराकडच्या काळ्या भारी रानातली चार एकर मात्र अजून हिरवट होती. तिला महिना नाही, पण तीन आठवडे तरी हवेच होते. आणि मधल्या तीन एकरांतला हरभरा तांबूस पडून पाला झाडत होता.

नवा मुहूर्त सत्तावीस फेब्रुवारीचा निघाला. काढीव मुहूर्त, पण मुहूर्त. म्हणजे हातात बावीस दिवस.

अशा वेळी घरातले सगळे एकदम बोलायला लागतात. मांडववाला, आचारी, बस्ता, बँडवाला. आजीनं मात्र एकच प्रश्न विचारला, "कोणतं पीक थांबंल आन् कोणतं थांबायचं न्हाई?" बाकीचं सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

हरभरा थांबत नाही. वाळलेल्या हरभऱ्याला दहा दिवस जास्त दिले, की घाटे रानातच गळायला लागतात. उन्हाच्या तडाख्यात हात लावला तरी फुटतात. म्हणून हरभरा पहाटे उपटायचा. दवानं घाटा जरा नरम असतो, झाड मुळासकट येतं आणि गळ कमी होते. नऊ वाजता उन्हं तापली की थांबायचं. ज्वारीचं तसं नाही. पिकलेली ज्वारी ताटावर आठ-दहा दिवस उभी राहते. फार तर पाखरं चार दाणे जास्त खातात. तिचं भय निराळं, ते आभाळाचं. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत ज्वारी लोळली की दाणा काळा पडतो, आणि काळ्या दाण्याला मोंढ्यात कुणी विचारत नाही. कडबाही काळवंडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितली, त्यांना हे सांगावं लागत नाही.

तेव्हा क्रम असा ठरला. आधी हरभरा, मग माळाची ज्वारी, आणि भारी रान लग्नानंतर. लग्नाच्या आधी सगळंच उरकू, असं धाकट्या चुलत्याचं म्हणणं होतं. त्याला कुणी खोडून काढलं नाही. फक्त आजीनं भारी रानातलं एक कणीस आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं दाणा दातात धरला, पीठ थुंकलं आणि विषय संपला.

खरी अडचण माणसांची. या भागातली कामाला येणारी निम्मी माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेली असतात. जुन्या तारखेला ती परतणार होती, नव्या तारखेला नव्हती. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, तर एकरी आठ-दहा माणसांचा एक दिवस जातो. एवढी माणसं पैसे टाकूनही मिळेनात. मग भावकीतल्या तीन घरांशी वारंगुळा केला. आज त्यांनी तुमच्यात यायचं, उद्या तुम्ही त्यांच्यात. वारंगुळ्यात पैसे लागत नाहीत, पण हिशेब रोजाइतकाच चोख असतो. लग्नघर म्हणून दोन दिवस कमी भरले, तर पुढच्या हंगामात ते बरोबर निघतात. त्यामुळं हळदीच्या आदल्या दिवशीसुद्धा नवरीचा भाऊ दुसऱ्याच्या रानात ज्वारी उपटत होता. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं, ते देणं होतं.

माळाची ज्वारी दोन दिवसांत निघाली, पण रास करायची नाही असं ठरलं. एरवी उपटलेली ज्वारी पाथीनं रानात आडवी वाळू देतात, मग कणसं मोडतात, मग मळणीचं मशीन म्हणजे हडंबा लावतात. इतका अवकाश नव्हता. आणि आडव्या पडलेल्या ज्वारीवर एक सर आली, तरी खालच्या अंगानं दाणा उगवून येतो. म्हणून पेंढ्या बांधून, कणसं वर करून बुचाडं उभी केली. बुचाडात वारा खेळतो, पाणी निथळून जातं. वरून ताडपत्री टाकायची ती फक्त शेंड्यावर, टोपीसारखी. बुडापर्यंत गुंडाळली की आत वाफ धरते, आणि दोन दिवसांत कणसाला बुरशीचा वास येतो. पावसानं नासत नाही तेवढं माल झाकण्याच्या घाईनं नासतो.

आता मांडव. माळाचं रान तर मोकळं झालं होतं, मग तिथंच का नाही? धसकटांमुळं. कडंच्या चार-पाच ओळी वाळून घट्ट बसल्या होत्या, त्या उपटायच्या सोडून विळ्यानं कापल्या होत्या. कापलेल्या ज्वारीचं बूड बोटभर वर राहतं आणि वाळल्यावर खिळ्यासारखं होतं. त्यावर सतरंजी अंथरली तर सतरंजीतून वर येतं. शिवाय बुचाडं तिथंच उभी, आणि मांडवात विड्या ओढणारे काही कमी नसतात. म्हणून मांडव हरभऱ्याच्या रानात गेला. हरभरा उपटल्यावर रान भुसभुशीत आणि पायाला मऊ राहतं. पण काळ्या मातीचं एक दुखणं आहे, भेगा. फेब्रुवारीअखेर भेगेत हात जातो. चपला अडकतात, म्हाताऱ्यांचे पाय मुरगळतात, आणि डांब भेगेजवळ रोवला की रात्रीत ढिला होतो. आधी कुळवाच्या दोन पाळ्या घालून भेगा बुजवल्या, मग वरून रूळ फिरवला. पाणी शिंपडायचं ते आदल्या संध्याकाळी आणि हलकंच. काळ्या मातीला पाणी जास्त झालं तर वऱ्हाड चिखलात चालतं, आणि प्रत्येकाच्या चपलेला पावशेर माती लागते.

जेवणाचा आकडा पंधराशेवरून हजारावर आला. उसाला गेलेली माणसं येणार नव्हती, हे त्याचं सरळ कारण. वरणाला माणशी पस्तीस ग्रॅम डाळ धरली तर हजाराला पस्तीस किलो. तूर घरची होती, पण तुरीची डाळ व्हायची होती. तूर रात्रभर भिजवायची, उन्हात वाळवायची, तेलाचा हात लावून ठेवायची, पुन्हा ऊन द्यायचं, मग भरडायची. क्विंटलाला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, म्हणजे पन्नास किलो तूर लागणार. मधलं ऊन एका दिवसानं कमी केलं, तर साल सुटत नाही आणि निम्म्या डाळीची चुरी होते. नवरीच्या आईनं ते ऊन कमी करू दिलं नाही. बस्त्याला एक दिवस कमी पडला तरी चालेल, म्हणाली, तुरीला नाही. मला तरी तिचंच बरोबर वाटतं. साडीचा रंग कुणाच्या ध्यानात राहत नाही. न शिजलेलं वरण दहा वर्षं राहतं.

लग्न गोरज मुहूर्तावर ठेवलं. सगळ्या गावाची सुगी चालू, दुपारी बाराला माणूस रानातून उठत नाही. संध्याकाळी हात-पाय धुऊन येतो, जेवतो, जातो. नवरीचा मामा साखर कारखान्यावरच्या कोपीतून आदल्या रात्री ट्रकनं आला. मामाशिवाय नवरी बोहल्यावर कोण नेणार? मामी मागं राहिली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक हात नसला की कोयता बंद आणि मुकादमाच्या वहीत खाडा. तिनं दोन दिवस भावजयीबरोबर मोळ्या बांधल्या, म्हणजे निम्मा खाडा वाचला. मंगलाष्टकं तिनं फोनवर ऐकली, फडात उभी राहून.

पत्रिकांचा घोळ निस्तरला असं सगळ्यांना वाटत होतं. नव्या छापायला वेळ नव्हता. जुन्यावर पेनानं तारीख बदलली, वाटून झालेल्यांना फोन केले, फोन नाहीत त्यांना निरोप धाडले. निरोप तीन तोंडांतून गेला की तारखेचा वार होतो, आणि वाराचा पुढचा आठवडा. म्हणून निरोप्यानं उलट विचारून यायचं असतं, "सांगा बरं, कवा यायचं?" एका पाहुण्याच्या बाबतीत ते राहून गेलं.

भारी रानातली ज्वारी सात मार्चला काढली, आठवडाभर वाळली, कणसं मोडली, आणि हडंबा मिळाला तो नेमका सोळा मार्चला. रास रंगात आली होती. भुसा उडत होता, त्याच्याबरोबर कुसही. ही कुस घामावर बसली की रात्रभर अंग खाजतं, म्हणून सगळ्यांनी तोंडाला उपरणी गुंडाळलेली. दुपारी कडक इस्त्रीचं धोतर आणि फेटा घातलेला एक म्हातारा बांधावरून येताना दिसला. परळीकडचा, आजीचा लांबचा मावसभाऊ. काखेत आहेराचं गठुडं. त्यानं मशीन बघितलं, पोती बघितली, आणि मांडव कुठं दिसतो का म्हणून चारी अंगांनी फिरून बघितलं.

आजी उठली. गठुडं हातातून घेतलं, तांब्या पुढं केला आणि बाभळीकडं बोट दाखवलं.

"दादा, आधी तिकडं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. कुस लागंल. लगनाचं मंग सांगते."