पत्रिकेचा जांभळा

ताईची पैठणी जांभळी, काठ हिरवे. लग्नपत्रिका त्याच रंगांत हवी, असा हुकूम. सोपं वाटलं होतं!

रात्री ट्यूबखाली काढलेल्या फोटोतून रंग उचलला तर भलताच निळसर आला. आज सकाळी खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही असा फोटो काढला. तरी घडीवर एक जांभळा, सपाट भागावर दुसरा. उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे, त्यामुळे रेशीम हलवलं की रंग बदलतो. शेवटी मधली छटा धरली.

मग टेम्प्लेट छपाईच्या चार शाईंच्या, म्हणजे CMYK रंगांत नेलं आणि स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा मलूल झाला. शाईला तेवढी चमक जमतच नाही. निळसर शाई C 75, किरमिजी M 100 आणि थोडी काळी, इथे थांबले. जरीचे धागे तर चार शाईंत मातकट पिवळेच दिसतात, म्हणून बुट्ट्या चकचकीत फॉइलच्या छपाईसाठी वेगळ्या लेयरवर ठेवल्या. चारही कडांना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, अक्षरांचे आउटलाइन (नाहीतर जोडाक्षरं फुटतात), आणि पीडीएफ.

प्रेसवाल्या काकांनी पत्रिकेच्याच कागदावर एक प्रूफ काढून दिलं. पदरावर ठेवून पाहिलं. ताई म्हणाली, "वांग्यासारखा झालाय." उद्या काळी शाई थोडी कमी करून पुन्हा.